मान क्रियापदात ठेव

प्रिय,

सहकारी बँकेच्या मुदत ठेवीच्या जाहिरातीचे तुझे दोन्ही मसुदे वाचले. ज्येष्ठांसाठी तू लिहिलंस, 'आपण आपली कष्टार्जित पुंजी गुंतवून आकर्षक परतावा प्राप्त करावा.' तरुणांसाठी, 'पैसे उडवतोस? एफडी कर ना, भावा!'

पहिली ओळ सोसायटीच्या फलकावरच्या नोटिशीसारखी वाटते, कारण 'करावा', 'घ्यावी' ही रूपं आपण तिथेच वाचतो. पासष्टीचे काका काउंटरवर 'एफडी मोडायची आहे', 'व्याज कधी जमा होतं?' असंच विचारतात. त्यांचा मान 'ठेवा', 'घ्या' या क्रियापदांत पुरेसा राखला जातो, त्यासाठी संस्कृत शब्दांची रास नको. 'आपण'ने आणखी घोळ होतो. 'आपण बचत करू' यात बँकही आली, 'आपण बचत करावी' यात ती बाहेर. सराफाच्या निमंत्रणात 'आपण' शोभतो. इथे मी लिहीन, 'पेन्शनचे पैसे ठेवा. दर तीन महिन्यांनी व्याज थेट खात्यात.'

तरुणांच्या ओळीत 'तू' चालेल, पण मराठीतला 'तू' लगेच विचारतो, मुलगा की मुलगी? 'उडवतोस' लिहिलं की मुली बाहेर, आणि 'भावा'ने तर दारच लावलं. 'उडवतोस/उडवतेस' अशी तिरकी रेघ होर्डिंगवर अर्जासारखी दिसते. आज्ञार्थात ही अडचण नाही: टाक, ठेव, बघ. भूतकाळातही 'दमलास' की 'दमलीस' हे ठरवावं लागतं, पण क्रियापद वस्तूच्या मागे गेलं की सुटका होते. म्हणून, 'पहिला पगार झाला? थोडा बाजूला टाक.' इथे 'झाला' पगाराचा आहे.

खालच्या माहितीच्या ओळीत मात्र 'शाखेत संपर्क साधा' आलं, की वर 'तू' आणि खाली 'तुम्ही' अशी गंमत होते. तिथे क्रियापदच टाळ: 'मुदत, व्याजदर आणि शाखांचे पत्ते' एवढं पुरे. 'नाद खुळा'सारखा शब्दही कोल्हापुरातल्या फलकावर ठेव; तोच पुण्यात लावलास तर उसना वाटेल.

रेडिओ जिंगलमधली माणसं बोलतात तेव्हा हिशोब वेगळा असतो, कारण तिथे नातं बोलतं. मूल आईला 'तू'च म्हणणार, पण बँक त्याच आईला 'तुम्ही' म्हणेल. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणाली की ऐकणारा ते जोडपं पन्नाशीपुढचं धरतो. तिशीतलं दाखवायचं असेल तर नावानं हाक मारू दे. वडिलांना 'तू' की 'तुम्ही', हे घराघरात वेगळं असतं, म्हणून मी तिथे 'बाबा, पगार झाला!' एवढंच ठेवतो.

नवा मसुदा पाठवण्याआधी काउंटरवरच्या कॅशियरकडून दोन्ही ओळी मोठ्याने वाचून घे. ज्या शब्दाला तो अडखळेल, तो बदल.

तुझा,
काका