आधी राउटरला पिंग करा, मग प्लॅनचं बघू

प्रश्न: डिचोलीत जुन्या घरात राहतो. 50 एमबीपीएसचा प्लॅन 200 वर नेला, तरी मागच्या खोलीत व्हिडिओ मीटिंग अडकते आणि अमेरिकेतल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं उशिरा उमटतं. आता 500 चा घेऊ का?

नका घेऊ. तुमची दोन दुखणी आहेत, दोघांचं कारण वेगळं आहे, आणि प्लॅन यातल्या एकालाही लागू पडत नाही.

मी फोंड्याकडे नेटवर्कच्या केबलिंगची कामं करतो. गेल्या पावसाळ्यात मावसभावाच्या घरी अगदी हेच झालं होतं. घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती. राउटर सोप्यावर, कारण फायबरवाल्याला तिथेच सोपं पडलं. भाऊ कामाला बसायचा माजघराच्याही पलीकडे, म्हणजे मध्ये तीन भिंती. मी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला तेव्हा 150 च्या प्लॅनवर 146 मिळाले. त्याच लॅपटॉपवर, त्याच्या खोलीत वायफायवर, 6. मग लॅपटॉप तिथेच ठेवून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवलं:

```
netsh wlan show interfaces
ping -n 30 192.168.1.1
ping -n 30 8.8.8.8
```

`ping` म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. दुसऱ्या ओळीतला पत्ता राउटरचा, तिसऱ्या ओळीतला घराबाहेरचा, गूगलचा. तुमच्या राउटरचा वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर दिसेल. पहिल्या कमांडमध्ये `Receive rate (Mbps)` ही ओळ बघा. भावाकडे तिथे 13 होतं, सोप्यावर तेच 866.7. हा लॅपटॉप आणि राउटर यांच्यात ठरलेला वेग. सिग्नल क्षीण झाला की दोघं सावकाश बोलायला लागतात, म्हणजे निदान शब्द तरी कळतात. हाती येतो तो साधारण याच्या निम्मा, म्हणून 13 चे 6. बाहेरून 150 येवोत की 500, त्या खोलीत पोचणार तेवढेच.

पण मीटिंगला 6 सुद्धा पुरतात, मग ती अडकत का होती? ते दुसऱ्या कमांडने सांगितलं. राउटर त्याच घरात, म्हणजे उत्तर 2-5 मिलिसेकंदांत यायला हवं. येत होतं 4, 7, 190, 5, 340, मध्येच `Request timed out`. डेटा छोट्या पाकिटांतून जातो; एखादं पाकीट हवेत खराब झालं की वायफाय ते पुन्हा पुन्हा पाठवतं, आणि तोवर मागची पाकिटं रांगेत थांबतात. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. समोरच्या माणसाचं बोलणं आधी कसं उतरवणार? राउटरपर्यंतचेच आकडे असे उड्या मारत असतील, तर दोष घरातला. ते स्थिर आणि 8.8.8.8 चे उड्या मारत असतील, तर कंपनीकडे तक्रार करा.

भावाने आधी वायफाय ऐकून पुढे पाठवणारा एक रिपीटर आणून त्याच खोलीत लावला होता. मोबाइलवर दांड्या पूर्ण, मीटिंग तशीच, कारण रिपीटरलाही राउटरचं ऐकू येतच नव्हतं. शेवटी आम्ही 20 मीटर कॅट-6 केबल वाशांवरून नेली आणि खोलीत एक ॲक्सेस पॉइंट लावला, म्हणजे केबलवरून नेट घेऊन तिथेच वायफाय देणारी पेटी. केबल बाहेरच्या भिंतीतून काढायची वेळ आली, तर भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर जूनमध्ये पाणी केबलवरून आत येतं. (हे मी एकदा दुसऱ्याच्या भिंतीवर शिकलोय.) त्यानंतर राउटरचा पिंग 2-3 वर स्थिरावला आणि मीटिंग सुरळीत झाली.

टाइप केलेलं मात्र उशिराच उमटत राहिलं. त्याच्या ऑफिसचा सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला, इथून सरळ रेषेत सुमारे 13 हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला अंदाजे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी 130 मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात त्याला सुमारे 240 दिसत होते. तुम्ही दाबलेलं अक्षर तिथवर जाऊन, त्याचं चित्र परत येईपर्यंत पाव सेकंद गेला. एका अक्षराचं ओझं ते किती! रस्ता चार पदरी केला म्हणून सायकलवाला मुंबईला लवकर पोचत नाही.

मोठा प्लॅन उपयोगी पडतो तो केबलवर मोजूनही वेग कमी पडत असेल तेव्हा, म्हणजे घरात चार-पाच जणांचं एकाच वेळी जड काम चालू असेल तेव्हा. तुम्ही आधी केबलवर एकदा मोजा. 200 च्या आसपास आले, तर वाढीव पैसे केबल आणि ॲक्सेस पॉइंटवर घाला. टाइपिंगसाठी ऑफिसला विचारा, मुंबईतला सर्व्हर देता येईल का. भावाला तो मिळाला नाही. तो आता मजकूर आपल्याच लॅपटॉपवर लिहितो आणि पूर्ण झाल्यावर एकदम तिकडे पेस्ट करतो.