मॅडमचे ३.८ आणि सरांचे ४.५

*मी मुलुंडला राहते, नुकतीच एफ.वाय.बी.एस्सी. झाले. एस.वाय.ला गणित किंवा स्टॅट, एक मेजर निवडायचंय. गणित मला आवडतं. पण एका सिनिअरने कॉलेजच्या फीडबॅकचा कागद पाठवला. त्यात गणिताच्या मॅडमना ५ पैकी ३.८ आहेत आणि स्टॅटच्या सरांना ४.५. कागदाचा फोटो जोडलाय. शिवाय सर इंटर्नलला ४०पैकी ३६च्या खाली येत नाहीत, मॅडम मात्र २२ही देतात. गणित घेतलं तर पुढे त्याच मॅडम शिकवणार. स्टॅट घेऊ का?*

तू जोडलेल्या फोटोत सरासरीच्या खाली बारीक अक्षरांत किती मुलांनी किती गुण दिले तेही छापलंय. आधी ते वाच. मॅडमचा वर्ग १२० जणांचा, त्यातल्या ३१ जणांनी फॉर्म भरला. १२ जणांनी ५ दिले, १३ जणांनी ४ आणि ६ जणांनी १. मधले २ किंवा ३ कुणीच दिलेले नाहीत. सरांचा वर्ग २४ जणांचा, २२ जणांनी भरला, ११ जणांनी ५ आणि ११ जणांनी ४. आता मॅडमना १ देणारे सहा जण क्षणभर बाजूला ठेव. उरलेल्या २५ जणांची सरासरी जवळजवळ ४.५ येते, म्हणजे सरांएवढीच. तू ज्याला दोन शिक्षकांमधला फरक समजतेस, तो त्या सहा फॉर्ममध्ये आहे.

याचा अर्थ ते सहा खोटं बोलतात असा नाही. १२० जणांच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर फळा दिसत नसेल, शंका विचारायची सोय नसेल, तर ती तक्रार खरीच आहे. पण ती हॉलची आहे. एस.वाय.ला मेजरचा वर्ग लहान झाला की ती राहणार नाही. शिवाय एफ.वाय.चं गणित सगळ्यांना सक्तीचं होतं आणि स्टॅट आवडीने घेतलेलं, हेही विसरू नकोस. मात्र 'मोठा वर्ग म्हणून अर्धा गुण वाढवून धरू' असला हिशेब करू नकोस. तेवढी नेमकी दुरुस्ती या आकड्यांवरून काढता येत नाही.

मॅडम बाई आहेत आणि विषय गणित आहे, याचाही आकड्यावर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात ऑनलाइन कोर्सच्या दोन शिक्षकांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, काही तुकड्यांना एकमेकांच्या नावाने शिकवलं. पेपर सगळ्यांना एकाच वेळी तपासून मिळाले. तरी 'वेळेवर तपासून देतात' या प्रश्नाला पुरुषाचं नाव असताना ४.३५ मिळाले आणि स्त्रीचं नाव असताना ३.५५. मुलं ४३च होती, त्यामुळे एवढ्यावर मी भिस्त ठेवणार नाही. पण नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या खूप मोठ्या अभ्यासातही तेच दिसलं. तिथे मुलांना तुकडी निवडता येत नव्हती. शिक्षिकांना कमी गुण मिळाले, गणिती विषयांत तर जास्तच, आणि त्यांच्या मुलांचे मार्क मात्र कमी नव्हते.

तुझ्या निर्णयासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मार्कांचा आहे. तू लिहितेस की सर इंटर्नलला ४०पैकी ३६च्या खाली येत नाहीत आणि मॅडम २२ही देतात. मार्क चांगले मिळाले की मुलं गुणही चांगले देतात. याची कारणं दोन असू शकतात. एकतर शिकवणं खरोखर चांगलं होतं, किंवा तपासणी सढळ होती. फीडबॅकच्या कागदावरून यातलं कोणतं ते कळत नाही, पुढच्या पेपरवरून कळतं. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत मुलांना प्राध्यापक निवडता येत नाहीत आणि परीक्षा सगळ्या तुकड्यांची एकच असते. तिथला अभ्यास २०१०मध्ये आला. कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सात ज्यांच्या मुलांना जास्त मार्क पडले त्या प्राध्यापकांना गुणही जास्त मिळाले होते. पण ज्यांची मुलं पुढच्या कोर्सात सरस ठरली, त्यांना कमी.

तू हीच तपासणी छोट्या प्रमाणात करू शकतेस. टी.वाय.मधल्या चार-पाच जणांना गाठ, काही गणिताचे आणि काही स्टॅटचे. 'मॅडम कशा आहेत?' असं विचारू नकोस. एफ.वाय.ला त्या विषयात इंटर्नलला किती होते आणि एस.वाय.च्या लेखी पेपरात किती पडले, तेवढं विचार. प्रत्येकाचे आधीचे आणि नंतरचे मार्क शेजारी मांड. इंटर्नलला ३७ मिळवणारा पुढे लेखीत जेमतेम पास होतोय का, आणि २४वाला सावरतोय का, हे बघ. चार-पाच जणांवरून सिद्ध काही होणार नाही, पण एकाच दिशेचा कल दिसला तर तो सरासरीपेक्षा उपयोगाचा आहे.

आणि घरी मॅडमनी तपासलेला तुझा जुना टेस्ट पेपर असेल, तो काढ. उत्तर चुकलं तिथे नुसती लाल फुली आहे, की सिद्धतेतली कोणती पायरी निसटली ते लिहिलंय? पायरी लिहिली असेल तर गणित घे. नुसत्या फुल्या असतील तर जूनमध्ये दोघांचीही परवानगी काढून एस.वाय.च्या एकेका लेक्चरला बस, आणि मग मला पुन्हा लिही.