भरीव गिटार आणि दोन घराणी

प्रश्न: इलेक्ट्रिक गिटार पोकळ न ठेवता भरीव लाकडाची का केली? आणि रॉकमध्ये बहुतेकांच्या हातात स्ट्रॅट नाहीतर लेस पॉलच का दिसते?

कारण पोकळ गिटार मोठ्या आवाजात ओरडायची. तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल बनवणारा पिकअप बसवून अ‍ॅम्प वाढवला की स्पीकरचा आवाज गिटारच्या पातळ फळीला हलवायचा, फळी तारांना, आणि तारांचं कंपन पिकअपमधून पुन्हा स्पीकरकडे. हे चक्र एकदा सुरू झालं की एकच हूऽऽ घुमत राहायचं. याला फीडबॅक म्हणतात.

लेस पॉल या वादकाने 1940 च्या सुमारास चार बाय चार इंची पाइनच्या ठोकळ्यावर तारा चढवल्या आणि गिटारसारखं दिसावं म्हणून दोन बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले. गिब्सन कंपनीने तेव्हा ती कल्पना नाकारली. पुढे कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने 1950 मध्ये भरीव गिटार बाजारात आणली, तेव्हा गिब्सनही जागी झाली आणि 1952 मध्ये लेस पॉलच्याच नावाची गिटार काढली. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, आली 1954 मध्ये.

स्ट्रॅटची मान चार स्क्रूंनी बसवलेली असते, खराब झाली तर बदलता येते. लेस पॉलची मान चिकटवलेली आणि अंग जड महोगनीचं. पण माझ्या मते खरा फरक पिकअपचा. स्ट्रॅटमध्ये एकेका कॉइलचे, म्हणजे बारीक तारेच्या एकेका वेटोळ्याचे, तीन पिकअप असतात. स्वर स्वच्छ, टोकदार, पण ट्रान्सफॉर्मर जवळ असला की घरघर येते. माझ्या स्ट्रॅटचंही तेच. वाजवताना जागेवरच थोडा वळलो की घरघर कमी होते, म्हणजे दोष केबलचा नाही हे कळतं.

गिब्सनच्या सेथ लव्हरने यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन कॉइल, दुसरीचं वेटोळं उलटं आणि चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरची घरघर दोन्हींत विरुद्ध येऊन एकमेकींना मारते. तारेचा सिग्नल मात्र दोनदा उलटतो, म्हणून तो जुळून वाढतो. हाच हंबकर, 1957 पासून लेस पॉलवर. बदल्यात वरची धार थोडी बोथट होते, स्वर जाड होतो.

त्या काळी तो जाडपणा फारसा खपला नाही. 1961 च्या सुमारास गिब्सनने लेस पॉलचा हा आकारच बंद केला. मग 1966 मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने जुनी लेस पॉल मार्शल अ‍ॅम्पमध्ये लावून आवाज फाटेपर्यंत चढवला. अ‍ॅम्प इतका ताणला की घरघरही तितकीच फुगते, म्हणून तिथे हंबकरच शोभला. मागणी इतकी वाढली की 1968 मध्ये गिब्सनला ती पुन्हा बनवावी लागली.

स्ट्रॅटला तशी जागा दिली जिमी हेंड्रिक्सने. 1969 मध्ये वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना त्याने तोच फीडबॅक मुद्दाम ओढून काढला. अंग भरीव असल्यामुळे गिटार आपणहून ओरडत नव्हती, तो म्हणेल तेव्हाच ओरडत होती.