पुण्याच्या ऑफरला नाही कसं कळवायचं

अरे, पुणे आणि चिपळूणजवळची लोटे एमआयडीसी अशा दोन नोकऱ्यांच्या ऑफरमधून तू लोट्याची घ्यायची ठरवलीस, तुझा हिशोब बरोबर आहे, पुण्यात हातात ३२ हजार पण ते ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात रूम आणि मेस धरून १३ गेले की उरले १९, लोट्याला २६ आणि पर्मनंट, चिपळूणहून कंपनीची बस, शिकायला मात्र पुण्यात जास्त मिळालं असतं हे मान्य. पण यातलं काहीच मेलमध्ये लिहू नको, पगाराचा आकडा तर अजिबात नको, नाहीतर एचआर लगेच वाढवून देतो म्हणून फोन करतो आणि तू परत अडकतोस. आधी लोट्याचं सही केलेलं ऑफर लेटर हातात घे, मग पुण्याच्या त्याच ऑफर मेलला रिप्लाय कर: ‘ऑफरबद्दल आभार. विचार करून मी दुसरी संधी स्वीकारली आहे, त्यामुळे जॉइन होऊ शकणार नाही. मुलाखतीसाठी दिलेल्या वेळेबद्दल धन्यवाद.’ बस. जॉइनिंगच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नको हां.