संध्याकाळच्या चहाचे घोषवाक्य : ‘विधी’ नको, मग काय?

प्रश्न : कोल्हापुरात पानांच्या उंची चहाचा ब्रँड सुरू करतो आहोत. संध्याकाळी, रोज ठरल्याप्रमाणे आणि सावकाश घ्यायचा चहा, अशी त्याची ओळख व्हावी. ‘एक संथ सायंविधी’ असे घोषवाक्य सुचले आहे. ‘विधी’ चालेल का? नसेल तर दुसरे काय?

उत्तर : चालणार नाही. ‘सायंविधी’ म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा ‘प्रातर्विधी’ आठवतो आणि पिण्याच्या पदार्थाला याहून वाईट शेजार मिळणे कठीण आहे. त्यातून वाचला तर पुढे ‘अंत्यविधी’ उभा आहे. पण माझी खरी हरकत या शब्दासोबत येणाऱ्या क्रियापदाला आहे. आपण विधी ‘उरकतो’, म्हणजे तो एकदाचा हातावेगळा करतो. तेव्हा तुम्हाला जी सावकाशी सांगायची आहे, तिच्या नेमके उलट हा शब्द ओढतो. ‘संथ’ नदीच्या पाण्याला आणि गाण्याच्या लयीला शोभतो, परंतु कारभाराला किंवा हॉटेलातल्या सेवेला लावला की ती तक्रार होते.

तुमच्या मनातल्या अर्थाला मराठीत ‘नेम’ हा शब्द आहे. कुणाचा पहाटे अंबाबाईच्या दर्शनाचा नेम असतो, कुणाचा तालमीत जाण्याचा. तो ज्याचा त्याने लावून घेतलेला असतो, आणि एखाद्या दिवशी चुकला तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. चहाच्या सवयीला हा भाव नेमका बसतो. मात्र ‘चुकणे’ आणि ‘नाही’ हे शब्द त्याच्या आसपास फिरकू देऊ नका, कारण ‘नेम चुकला’ यातून बंदुकीचा नेमही निघतो आणि ‘याचा काही नेम नाही’ हे तर बेभरवशाच्या माणसाविषयी म्हणतात.

वेळेच्या शब्दांत ‘सायंकाळ’ निमंत्रणपत्रिकेतली आहे, ‘सांज’ जाहिरातींनी वापरून गुळगुळीत केली आहे आणि ‘कातरवेळ’ हुरहुर लावते. मी ‘दिवेलागण’ निवडेन. त्या शब्दात घरातली एक कृती आधीच आहे, ती रोज त्याच वेळी होते, त्यामुळे रोजच्या ठरलेपणासाठी वेगळा शब्द खर्चावा लागत नाही.

आता सावकाशपणा. येथे ‘निवांत’, ‘सावकाश’ अशी विशेषणे लावण्याऐवजी चहा होतानाची क्रियाच सांगावी. टपरीवरचा चहा उकळतो. पानांचा चहा मात्र नुकत्याच उकळलेल्या पाण्यात झाकून तीन ते पाच मिनिटे ठेवावा लागतो, आणि मराठीत याला ‘मुरणे’ म्हणता येते. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो. मुरण्यासाठी थांबावेच लागते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून माझी सूचना अशी :

दिवेलागण झाली, चहा मुरू द्या.

या ओळीत ‘पाणी’ घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा संशयाचा वाक्प्रचार आहे आणि स्पर्धकाला एवढे आयते हत्यार देऊ नये. तसेच, लोणच्याची आठवण करून देणारे हे क्रियापद ग्राहकाला मिनिटांचा अंदाज देत नाही. काळा चहा फार वेळ राहिला तर तुरट, कडवट होतो, तेव्हा खोक्याच्या मागे मिनिटे स्पष्ट छापावीत. आणि तुमच्या मालात पुढे दुधात उकळायची बारीक दाणेदार पावडर आली, तर तिच्यावर ही ओळ छापू नये. ती तिथे खोटी ठरेल.

‘या, बसा’ हे कोल्हापुरी आदरातिथ्याचे शब्द आहेत, आणि कुणीतरी तुम्हाला ‘संध्याकाळी निवांत बसा’ अशी ओळ सुचवीलच. ती घेऊ नये. संध्याकाळ आणि ‘बसणे’ एकत्र आले की मित्रमंडळींत त्याचा अर्थ पेल्यांकडे जातो. ‘आज बसायचं का?’ या प्रश्नात चहा कुणाच्याच मनात नसतो. ‘बैठक’ या शब्दालाही संध्याकाळी तोच वास येतो. ‘च्या’ हा बोलीतला उच्चार मला प्रिय आहे, पण उंची मालाच्या खोक्यावर तो आपुलकीपेक्षा नक्कल वाटण्याची भीती अधिक आहे.

‘द्या’ ऐवजी ‘दे’ म्हटल्यास ओळ हलकी होते, परंतु ज्याला आपण किंमत मोजायला सांगतो त्या अनोळखी ग्राहकाला एकेरी हाक मारू नये. ‘नेम’ वाया जाऊ द्यायचा नसेल, तर ब्रँडच्या नावाखाली लहान अक्षरांत ‘संध्याकाळचा नेम’ एवढेच छापावे आणि वरची ओळ फलकासाठी ठेवावी. छपाईला देताना ‘मुरू’मधला ‘रू’ दीर्घ आहे ना, हे पाहावे. शब्दाच्या शेवटचा उकार आपण दीर्घ लिहितो, आणि मुद्रिते तपासणाऱ्याच्या नजरेतून नेमका हाच निसटतो.