सिट-अप्स आणि पोटाचा घेर

भाऊ, रोज सिट-अप्स मारूनही तुमचा घेर उतरत नाही, यात मेहनतीची कसूर नाही. पोटाचा स्नायू आपले इंधन स्वतःच्या साठ्यातून आणि रक्तातून घेतो. वरच्या चरबीतून ते थेट ओढून घेण्याची वाट त्याला नाही. चरबी संप्रेरकांच्या इशाऱ्याने साऱ्या शरीरातून सुटते आणि रक्तावाटे कोणत्याही स्नायूकडे जाते. १९७१ साली टेनिसपटूंचे हात मोजले गेले, तेव्हा खेळणारा हात जाड भरला, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे सारखीच निघाली. सिट-अप्स सोडू नका, त्यांनी स्नायू बळकट होतो; मात्र घेरासाठी ताटातला भात कमी करा, वावरात पायी जा आणि दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी बेंबीवरून टेप लावा.