थरांच्या पीएसडी फाईलमधून एकच लोगो पारदर्शक पीएनजी म्हणून कसा काढावा?

प्रश्न: आमच्या डाळमिलच्या कट्ट्याची फोटोशॉप फाईल डिझायनरने दिली आहे. त्यातला फक्त लोगो मागचे काही न येता वेगळा पीएनजी करून हवा आहे. लेअर वेगळा काढला तर रंग बदलतो आणि तुरीच्या फांदीमागे पांढरा चौकोन येतो. त्याच फाईलमधला एक आर्टबोर्डही पारदर्शक हवा आहे, तो पांढराच निघतो. काय करावे?

उत्तर:

मी लातूरला पॅकिंग आणि छपाईच्या डिझाईनचे काम करतो. डाळीच्या कट्ट्यांच्या अशा फाईल माझ्याकडे नेहमी येतात. लोगोचे सगळे लेअर निवडून `Ctrl+G` ने त्यांचा एक ग्रुप करावा, लेअर पॅनलमध्ये त्या ग्रुपच्या नावावर राईट क्लिक करून `Export As` निवडावे, फॉरमॅट `PNG` ठेवावा आणि `Transparency` वर खूण असल्याची खात्री करून फाईल काढावी. वरच्या `File` मेनूतल्या `Export As` ने मात्र हे साधत नाही, कारण त्यातून पूर्ण कॅनव्हास बाहेर पडतो. लेअरच्या नावावर राईट क्लिक केले की फक्त तेवढाच भाग, त्याच्या कडांपर्यंत कापून, मिळतो.

आपली खरी अडचण याच्या पुढची आहे. लेअर फाईलमध्ये जसा दिसतो, त्यातला बराच भाग त्याचा स्वतःचा नसतो, तो वरच्या आणि खालच्या लेअरकडून आलेला असतो. लोगोच्या वर `Curves` किंवा `Hue/Saturation` चा ॲडजस्टमेंट लेअर असेल, तर पडद्यावरचा पिवळा त्याने गडद केलेला पिवळा असतो, आणि लोगो एकटा बाहेर काढला की तो मूळच्या फिकट रंगावर परततो. म्हणून काही एक्स्पोर्ट करण्याआधी `Alt` दाबून लोगोच्या ग्रुपसमोरच्या डोळ्यावर क्लिक करावे. बाकी सगळे लपते, चौकटीचौकटीची पार्श्वभूमी दिसते आणि आता पडद्यावर जे दिसते तेच पीएनजीमध्ये येणार असते. याच वेळी रंग बदलला तर ॲडजस्टमेंट लेअरची एक प्रत लोगोच्या ग्रुपमध्ये सर्वांत वर ठेवावी आणि ग्रुपचा मोड `Pass Through` ऐवजी `Normal` करावा, म्हणजे तो रंगबदल लोगोपुरताच राहतो आणि त्याच्यासोबतच बाहेर पडतो. मूळ ॲडजस्टमेंट लेअर जागेवर तसाच असल्यामुळे, डोळे पुन्हा चालू केल्यावर लोगोवर त्याचा दुहेरी परिणाम दिसेल. त्यामुळे हे सगळे काम फाईलच्या प्रतीवर करावे.

फांदीमागच्या पांढऱ्या चौकोनाचे कारण वेगळे आहे आणि ते बहुतेकदा एकच असते. पेंटरने कागदावर शाईने काढलेली फांदी स्कॅन करून फाईलमध्ये ठेवलेली असते आणि त्या लेअरचा ब्लेंड मोड `Multiply` असतो. या मोडमध्ये पांढरा रंग खालच्या रंगाला काहीच करत नाही, त्यामुळे पिवळ्या कट्ट्यावर कागद नाहीसा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो लेअरमध्ये पूर्ण शाबूत असतो. लेअर एकटा काढला की गुणायला खाली काहीच उरत नाही आणि कागद जसाच्या तसा पुढे येतो. काळ्या सावलीच्या बाबतीत हा त्रास होत नाही, कारण काळा रंग `Multiply` मध्ये आणि `Normal` मध्ये सारखाच वागतो. म्हणून लोगोची सावली नीट येते आणि फांदी तेवढी बिघडते.

मॅजिक वाँडने पांढरे निवडून पुसण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. शाईच्या रेषेची कड काळ्यातून करड्यात आणि करड्यातून पांढऱ्यात उतरत जाते. वाँड यात कुठेतरी एकच रेघ मारतो, आणि हिरव्या किंवा लाल रंगावर ठेवताच फांदीभोवती खडबडीत पांढरी किनार दिसू लागते. त्याऐवजी काळेपणाचेच पारदर्शकतेत रूपांतर करावे. फांदीच्या लेअरची प्रत घेऊन तिचा मोड `Normal` करावा आणि बाकीचे लेअर लपवावेत. `Ctrl+L` दाबून `Levels` उघडावे. उजवीकडचा पांढरा त्रिकोण इतका आत आणावा की कागद शुद्ध पांढरा होईल आणि डावीकडचा काळा त्रिकोण इतका आत आणावा की शाई पूर्ण काळी होईल. ही पायरी घाईने करू नये: कागद किंचित जरी करडा राहिला तरी शेवटी संपूर्ण चौकोनावर धुरकट पडदा उरतो आणि शाई करडी राहिली तर फांदी अर्धवट आरपार दिसते.

मग `Channels` पॅनलमध्ये सर्वांत वरच्या चॅनलच्या छोट्या चित्रावर `Ctrl` धरून क्लिक करावे. चित्रातला उजेड जितका, तितकी निवड होते. आपल्याला उलटे हवे असल्याने `Shift+Ctrl+I` दाबावे, नवा रिकामा लेअर घ्यावा, फोरग्राउंडला फांदीचा रंग ठेवून `Alt+Backspace` ने तो भरावा आणि `Ctrl+D` ने निवड सोडावी. स्कॅनचा लेअर लपवला की फक्त शाई उरते, तिच्या कडा मूळ रेषेइतक्याच मऊ असतात, आणि रंग काळ्याऐवजी गडद हिरवा हवा असेल तर तोही येथेच मिळतो. हा नवा लेअर लोगोच्या ग्रुपमध्ये ठेवावा, स्कॅनचा मूळ लेअर आणि त्याची प्रत ग्रुपबाहेर काढावी, लोगोचे लपवलेले बाकीचे लेअर पुन्हा चालू करावेत आणि वर सांगितल्याप्रमाणे एक्स्पोर्ट करावे.

काम जमले की नाही, हे पांढऱ्या कागदावर कळत नाही. तयार पीएनजी पुन्हा उघडून तिच्याखाली गडद निळ्या रंगाचा लेअर टाकावा आणि 200 टक्के मोठे करून कडा पाहाव्यात. लोगोच्या इतर भागांना, विशेषतः फोटोतून कापून घेतलेल्या डाळीच्या वाटीला, पांढरी किनार दिसली तर मूळ फाईलमधल्या त्या पिक्सेल लेअरवर `Layer > Matting > Defringe` मध्ये 1 पिक्सेल देऊन पाहावे.

आर्टबोर्डचे उत्तर छोटे आहे. आर्टबोर्डला स्वतःची पार्श्वभूमी असते, ती सहसा पांढरी असते आणि लेअर पॅनलमध्ये ती वेगळा लेअर म्हणून दिसत नाही. त्यामुळे पुसण्यासारखे काही सापडत नाही. आर्टबोर्डचे नाव निवडून `Properties` पॅनलमध्ये पार्श्वभूमीचा रंग `Transparent` करावा आणि मग त्याच नावावर राईट क्लिक करून `Export As` करावे. तरीही पांढरे आले, तर आत डिझायनरने काढलेला पांढरा आयत आहे असे समजावे आणि तो शोधून लपवावा. आर्टबोर्ड पूर्ण मापात निघतो, भोवतीची रिकामी जागा कापली जात नाही.

छपाईसाठी पिक्सेलच मोजावेत. `Export As` फाईलमध्ये 300 ची नोंद ठेवत नाही, पण पिक्सेल तेवढेच राहतात. 1200 पिक्सेल रुंदीचा लोगो 4 इंचात बसवला तर इंचाला 300 पिक्सेल मिळतात. पीएनजीमध्ये सीएमवायके रंग राहत नाहीत, म्हणून कट्टे छापणाऱ्याला मूळ पीएसडीच द्यावी आणि ही पीएनजी वेबसाईट, बिल, स्टेटस यांसाठी वापरावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती फोटो म्हणून न पाठवता `Document` म्हणून पाठवावी, कारण फोटो म्हणून पाठवली की ती जेपीजी होते, पारदर्शकता जाते आणि समोरच्याला पुन्हा भरीव चौकोनच मिळतो.